तीन चोक बाराचा दिवा: एलईडीला रेझिस्टर का लागतो (प्रकल्प नोंदी)

२ जुलै २०२५, मालवण

पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस. होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या, म्हणून बॅटऱ्या आणि दिवे दुरुस्तीला दुकानात. एका ओळखीच्या तांडेलाला केबिनमध्ये जाळी आवरताना, जेवताना पुरेल एवढा दिवा हवाय. आधी बाजारातली तयार पट्टी लावली होती, ती खाऱ्या हवेत एका हंगामात गंजून गेली. त्याला सांगितलं, सुटे पांढरे एलईडी आणून बोर्डावर बसवून देतो. (मासे ओढायचा दिवा नव्हे. प्रखर एलईडी लावून मासेमारी करायला २०१७ पासून बंदी आहे, आणि आपल्याकडे एलईडी म्हटलं की माणसं आधी तेच विचारतात. हा फक्त केबिनमधला.)

भाचा अकरावी सायन्सला आहे, पावसात दुकानात बसतो. काम त्याच्याकडे दिलं. संध्याकाळपर्यंत त्याने चार एलईडी एकापाठोपाठ जोडून थेट बॅटरीला लावले होते. मी विचारलं, करंट अडवणारा रेझिस्टर कुठे आहे? उत्तर तयार होतं.

"मामानू, एक एलईडी तीन व्होल्टाचो. तीन चोक बारा. बॅटरी बाराची. मगे रेझिस्टर कित्याक व्हयो?"

दिवा छान पेटला होता. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, मल्टीमीटरवर ११ मिलीअँप. एलईडीची मर्यादा २० ची. कागदावर आणि टेबलावर दोन्हीकडे त्याचं बरोबर होतं, म्हणून तोंडी उत्तर दिलं नाही. माळ तशीच राहू दिली. बॅटरी उद्या चार्जिंगला लावायचीच होती.

३ जुलै

चार्जर सकाळी लावला, माळ त्याच बॅटरीवर. तासाभराने व्होल्टेज १३.६ झालं होतं. उजेड डोळ्यांत खुपण्याइतका, आणि रंग कालच्यापेक्षा निळसर. पांढरा एलईडी असा निळा पडायला लागला की त्याच्यातून गरजेपेक्षा जास्त करंट जातोय असं खुशाल समजावं. एलईडीच्या पायांना बोट टेकवत नव्हतं.

जेवून आलो तोवर माळ बंद. बॅटरी १४.२ वर. दोन एलईडींच्या आत, पिवळ्या लेपाच्या मधोमध, मोहरीएवढा काळा डाग.

कुठला गेला हे शोधण्यात अर्धा तास फुकट गेला. भाच्याने मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक तपासला, तर चारही मेलेले दाखवले. खरं तर साध्या मीटरचा डायोडचा भाग पांढऱ्या एलईडीला पुरेसं व्होल्टेजच देत नाही. लाल एलईडी त्यावर पेटतो, पांढरा जेमतेम लुकलुकतो आणि मीटर १ दाखवतं. पांढऱ्यासाठी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर एवढंच तपासणीचं हत्यार ठेवावं. सहा मिलीअँपच्या आसपास जातात, एलईडीला इजा नाही, चांगला असेल तर स्वच्छ पेटतो. त्यावर तपासल्यावर दोन जिवंत निघाले. मेलेल्यांपैकी एक आतून तुटलेला, दुसरा आरपार शॉर्ट झालेला. शॉर्ट आधी झाला असणार. एक शॉर्ट झाला की त्याच्या वाटचे व्होल्ट उरलेल्या तिघांवर येऊन पडतात, मग त्यांच्यातला सगळ्यात कच्चा तुटतो आणि माळ विझते.

नुकसान चार रुपयांचं. पण हीच माळ होडीवर असती तर इंजिन चालू करून खाडीबाहेर पडेपर्यंत केबिन अंधारात गेली असती. इंजिन चालू असताना डायनॅमो बॅटरीला १४ च्या वरच ठेवतो. होडीवरची बॅटरी "बारा व्होल्टची" असते ती फक्त लेबलावर. इंजिन बंद असताना ती १२ ते १२.६ च्या दरम्यान, चालू असताना १४.४ पर्यंत.

५ जुलै

भाच्याचा प्रश्न बदलला. बारावर ११ मिलीअँप जात होते, तर चौदावर फार तर १३ जायला हवेत. थोड्याशा वाढीने जळला का?

पुस्तक उघडण्याऐवजी मोजून घेतलं. दुकानातला कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय, एकच पांढरा एलईडी, करंटला एक मीटर आणि एलईडीच्या पायांवर व्होल्टेजला दुसरं. मिळालं ते असं:

```
2.8 V    2 mA
3.0 V    8 mA
3.1 V   13 mA
3.2 V   20 mA
3.4 V   38 mA
3.5 V   50 mA
```

शेवटचा आकडा घाईत टिपून सप्लाय खाली आणला. एलईडीच्या प्रत्येक खेपेला हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, लाल एलईडीला तर सगळं १.८ ते २.२ च्या आसपास घडतं. पण चढण अशीच उभी असते. पावसाचं पाणी उंबरठ्याच्या खाली असेपर्यंत घर कोरडं आणि दोन बोटं वर चढलं की स्वयंपाकघरापर्यंत, तसा प्रकार. २.८ वर जवळजवळ काही नाही, ३.५ वर मरणाची तयारी, आणि मधलं अंतर पाऊण व्होल्टसुद्धा नाही.

आता त्याची माळ पाहा. १२.३ चे चार भाग केले तर प्रत्येकाला ३.०७, म्हणजे ११-१२ मिलीअँप. १४.२ चे चार भाग, प्रत्येकी ३.५५. करंट पन्नाशीच्या वर. बॅटरी पंधरा टक्क्यांनी वाढली आणि करंट साडेचारपट झाला. बल्ब असता तर थोडा जास्त उजळला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. एलईडी स्वतः करंट अडवत नाही, आणि बॅटरी तर मागाल तेवढा देते.

मीटरबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. करंट मोजायला मीटर मध्ये घातलं की ते स्वतःच छोटा रेझिस्टर होतं. साध्या स्वस्त मीटरच्या २० मिलीअँपच्या खुणेवर आत १० ओहम असतात. भाच्याने परवा मोजले ते ११ मिलीअँप मीटर मध्ये असतानाचे. मीटर काढून माळ थेट जोडली तेव्हा त्याहून थोडे जास्तच जात असणार. रेझिस्टर नसलेल्या माळेत एवढाही फरक पडतो.

६ जुलै

एक गोष्ट अजून दाखवायची राहिली होती, कारण "मग चार्जिंगच्या वेळी दिवा काढून ठेवू" असा तोडगा निघाला होता.

सप्लाय बरोबर ३.२ वर बांधून ठेवला, एकच एलईडी, २० मिलीअँप. व्होल्टेजला हात न लावता एलईडीच्या एका पायाला सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवलं. मीटरवरचा आकडा नजरेसमोर चढायला लागला. २२, २५, २८. तिशीला पोचल्यावर आयर्न काढलं. एलईडी तापला की तेवढ्याच करंटला त्याला कमी व्होल्ट लागतात, दर अंशाला साधारण २ ते ४ मिलीव्होल्ट. आपण व्होल्ट तेवढेच ठेवले तर करंट वाढतो. करंट वाढला की तो आणखी तापतो, की करंट आणखी वाढतो. म्हणजे बॅटरी १२.३ वर अगदी स्थिर राहिली असती तरी वैशाखातल्या बंद केबिनमध्ये त्याच माळेचा करंट दुकानातल्यापेक्षा जास्त असता. एलईडी किती व्होल्टचा आहे या प्रश्नाला एकच उत्तर नाही, ते त्याच्या करंटवर आणि तापमानावर ठरतं. एलईडीला व्होल्ट ठरवून द्यायचे नाहीत, करंट ठरवून द्यायचा.

मग तीन एलईडी आणि ३३० ओहमचा एक रेझिस्टर एका ओळीत जोडून सप्लाय १४.४ वर ठेवला. १५ च्या थोडं वर मिलीअँप. तेच आयर्न, तोच पाय. आकडा अर्ध्या मिलीअँपच्या आतबाहेर हलला आणि थांबला. आयर्न लावून भाचा कंटाळला, आकडा काही चढेना.

कारण साधं आहे. तापून एलईडीने दीडशे मिलीव्होल्ट कमी घेतले, तर ते जास्तीचे दीडशे मिलीव्होल्ट रेझिस्टरवर येतात. ०.१५ भागिले ३३० म्हणजे अर्धा मिलीअँपसुद्धा नाही. रेझिस्टर नसताना तेवढ्याच फरकाने दहा मिलीअँप वाढले होते. भाच्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

नंतर त्याने किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा बारका टॉर्च आणून खोलून दाखवला. आत एक पांढरा एलईडी, बटणाएवढा सेल, रेझिस्टर नाही. "ह्येका कसो चलता?" शंका रास्त आहे. तो सेल तीनच व्होल्टचा आणि त्याच्या पोटातच दहा-वीस ओहम असतात, म्हणजे रेझिस्टर सेलच्या आत आहे. होडीची बॅटरी स्वतः ओहमच्या हजारातल्या काही भागांएवढाच अडथळा करते. तिच्याकडून दयामायेची अपेक्षा नको.

९ जुलै

हिशेब. सूत्र एका ओळीचं आहे:

```
R = (V − n × Vf) / I
```

V म्हणजे बॅटरीचे व्होल्ट, n एका ओळीतले एलईडी, Vf हव्या त्या करंटला एका एलईडीवर पडणारे व्होल्ट, I अँपमध्ये करंट. सूत्रात अवघड काही नाही. V ला कुठला आकडा घ्यायचा, यातच माणसं फसतात. लेबलावरचा १२ घालायचा नाही. बॅटरी जास्तीत जास्त जिथे जाते तो घालायचा, म्हणजे १४.४. मग खालच्या टोकाला काय उरतं ते तपासायचं.

करंट २० ऐवजी १५ मिलीअँप घेतला. मर्यादेला चिकटून चालवलेले स्वस्त एलईडी काही महिन्यांत मंदावतात, आणि १५ वर उजेडात डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. मोजलेल्या तक्त्यातून १५ मिलीअँपला सुमारे ३.१ व्होल्ट.

भाच्याने आधी चार एलईडींचाच हट्ट धरला, रेझिस्टर घालून का होईना. करून पाहिलं. १४.४ मधून १२.४ गेले, उरले २, भागिले ०.०१५, म्हणजे १३३. बाजारात मिळणारा जवळचा वरचा १५०. आता हीच ओळ इंजिन बंद असताना १२ वर आणा. एलईडी खाली उतरून २.८७ च्या आसपास बसतात, चौघांचे ११.५ च्या आसपास, रेझिस्टरला उरतो जेमतेम अर्धा व्होल्ट. तीन-साडेतीन मिलीअँप. दिवा पेटल्यासारखा दिसेल, पण जाळ्यातला खेकडा दिसायचा नाही. रेझिस्टरच्या वाट्याला व्होल्टच उरले नाहीत तर तो करंट सांभाळणार कशाने?

तीन घेतले तर:

```
R = (14.4 − 3 × 3.1) / 0.015 = 340 Ω
```

मिळतो ३३०. करंट १५.५, चालेल. १२ वर एलईडी ३ च्या आसपास, रेझिस्टरवर ३ व्होल्ट, ९ मिलीअँप. उजेड कमी होतो पण जेवता येतं, जाळं शिवता येतं. रेझिस्टरमध्ये जळणारी शक्ती ५.१ गुणिले ०.०१५५, म्हणजे ०.०८ वॅट. पाव वॅटचा साधा रेझिस्टर निवांत राहतो.

"पण मामानू, तिसरो भाग वीज फुकट जळता." हो, जळते. १४.४ मधले ५.१ नुसते ऊब बनून जातात. दोनच एलईडी घेऊन मोठा रेझिस्टर लावला तर करंट आणखी स्थिर, पण निम्म्याहून जास्त वीज वाया. तीन हा मला पटलेला मधला मार्ग. पूर्ण दिव्याचा खर्च पावणेदोन वॅट आहे, तिथे अर्ध्या वॅटचा हिशेब मी करत बसत नाही.

१४ जुलै

मधले दिवस रेझिस्टरच्या वाटेत गेले. मालवणात ३३० चे मोजकेच मिळाले, बाकीचे कुडाळहून मागवले. तोवर भाच्याने शक्कल काढली: आठ ओळी करायच्या आहेत, तर आठ रेझिस्टर कशाला, सगळ्या ओळी एकत्र बांधून एकच लावू. ३३० भागिले आठ म्हणजे ४१, डब्यात ३९ चा होता.

लावला. पहिल्यांदा दिसलं ते धूर. सव्वाशे मिलीअँप एकाच रेझिस्टरमधून, पाच व्होल्ट त्याच्यावर, सहा दशांश वॅट झाले आणि तो होता पाव वॅटचा. पट्टे काळे पडले. दोन वॅटचा लावल्यावर धूर थांबला, पण ओळी सारख्या पेटेनात. दोन ओळी स्पष्ट जास्त तेजस्वी, एक मंद. एलईडी दोन वेगळ्या खेपांचे होते, ज्या ओळीला थोडे कमी व्होल्ट लागतात ती बाकीच्यांचा करंट ओढून घेते, तापते, आणखी ओढते. परवाचाच खेळ, फक्त ओळीओळींमध्ये. शिवाय एखादी ओळ तुटली तर तिचा वाटा उरलेल्यांवर पडतो.

म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर. रेझिस्टर रुपयाला एक मिळतो, तिथे काटकसर करायची नाही.

१७ जुलै

बोर्ड तयार. ठिपक्यांचा फायबरचा बोर्ड ३० रुपये, चोवीस एलईडी ४८, आठ रेझिस्टर ८, वायर आणि फ्यूजचं घर मिळून ६०. झाकणाला जुना पारदर्शक डबा.

जोडणीत दोनच गोष्टी सांगण्यासारख्या. एलईडीच्या पायाला आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवायचं नाही. एका ओळीत जोड नीट बसेना म्हणून भाचा बराच वेळ शेकत राहिला, तो एलईडी जोडतानाच गेला. आणि पाय बुंध्यापासून वाकवायचे नाहीत, थोडं अंतर सोडून वाकवायचे, नाहीतर आतली तार ताणली जाते आणि दिवा होडीच्या हादऱ्याने कधी लागतो, कधी विझतो.

सोल्डर झाल्यावर बोर्ड स्पिरिटने पुसून मागच्या बाजूला वार्निशचे दोन हात. खारा ओलावा आधी जोडावर बसतो, तिथे हिरवं दिसलं की समजायचं. फ्यूज अर्ध्या अँपचा, बॅटरीच्या धन टोकाजवळ. तो एलईडीसाठी नाही, वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तिने पेट घेऊ नये म्हणून.

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होडी पाण्यात. बोर्ड केबिनच्या छताला बसवून मोजलं. आता मीटर मध्ये घालून करंट मोजत नाही. दिवा चालू ठेवून प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्ट बघायचे आणि ३३० ने भागायचं. काही तोडावं लागत नाही, मीटरचा अडथळाही मध्ये येत नाही.

इंजिन चालू, बॅटरी १४.१, रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट: १४.५ मिलीअँप. इंजिन बंद, बॅटरी १२.४, रेझिस्टरवर ३.३: १० मिलीअँप. आठही ओळी एकमेकींच्या अर्ध्या मिलीअँपच्या आत. इंजिन सुरू करताना, बंद करताना व्होल्टेज क्षणभर उसळतं. ते २० झालं असं धरलं तरी एका ओळीतून तीस-बत्तीस मिलीअँप जातील, तेही क्षणभर. एलईडी ते सोसतो.

तांडेलाला दिवा पसंत पडला आणि आता त्याला डेकवर एक-एक वॅटच्या तीन एलईडींचा मोठा हवाय. भाच्याने स्वतःच कागद घेतला. करंट ३५० मिलीअँप, तिघांचे ९.६ व्होल्ट, उरले ४.८, भागिले ०.३५: १३.७, म्हणून १५ ओहम. मग शक्ती काढली तर दीड वॅट नुसत्या रेझिस्टरमध्ये. त्याला पाच वॅटचा सिरॅमिक लागेल आणि तो बंद डब्यात एलईडींच्या शेजारीच तापत बसेल. शिवाय १२ वर करंट निम्म्यावर येणार. इथे रेझिस्टर सोडला. ३५० मिलीअँप बांधून देणारा छोटा ड्रायव्हर मागवलाय, तो १५ व्होल्टपर्यंत चालतो की त्याच्या वर, एवढं विक्रेत्याला विचारून घ्यायचं बाकी आहे.